कर्करोग नोंदणी आणि वयप्रमाणित नवरुग्ण दर

कर्करोग नोंदणी म्हणजे ठरावीक भूप्रदेशात राहणाऱ्या लोकांमध्ये नव्याने निदान झालेल्या प्रत्येक कर्करुग्णाची पद्धतशीर, सातत्यपूर्ण आणि एकाच व्याख्येनुसार केलेली नोंद होय. या नोंदीवरून एका वर्षात दर लाख लोकसंख्येमागे किती नवे रुग्ण आढळले हे काढता येते. त्याला नवरुग्ण दर म्हणतात. कर्करोग हा प्रामुख्याने उतारवयातील आजार असल्यामुळे दोन प्रदेशांची किंवा दोन कालखंडांची तुलना करताना लोकसंख्येच्या वयोरचनेतील फरक गणिताने वजा करावा लागतो. असा फरक वजा करून मिळणाऱ्या दरास वयप्रमाणित नवरुग्ण दर असे म्हणतात. वृत्तपत्रांत येणारी ‘देशात कर्करोग वाढला’, ‘अमुक तालुक्यात कर्करोगाचा विळखा’ किंवा ‘दर नऊ भारतीयांपैकी एकाला कर्करोग’ ही विधाने समजून घेण्यासाठी रुग्णसंख्या, स्थूल दर आणि वयप्रमाणित दर यांतील भेद माहीत असणे आवश्यक ठरते.

## नोंदणीचे प्रकार

कर्करोग नोंदणीचे मुख्य प्रकार दोन आहेत. रुग्णालयाधारित नोंदणीत एखाद्या रुग्णालयात आलेल्या सर्व कर्करुग्णांची नोंद होते. रोगाची अवस्था, दिलेले उपचार आणि त्यांचा परिणाम अभ्यासण्यासाठी ती उपयोगी असते. परंतु तिच्यावरून दर काढता येत नाही, कारण त्या रुग्णालयात येणारे लोक नेमक्या किती लोकसंख्येतून आले हे ठाऊक नसते. कोल्हापूर शहरातील रुग्णालयांत जिल्ह्याबाहेरून, म्हणजे सांगली, सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि सीमेपलीकडच्या बेळगाव भागातूनही रुग्ण येतात. उलट कोल्हापूर जिल्ह्यातील अनेक रुग्ण उपचारासाठी मिरज, पुणे किंवा मुंबई गाठतात. त्यामुळे कोल्हापुरातील एखाद्या रुग्णालयातील रुग्णसंख्या दुप्पट झाली, तर त्याचे कारण जिल्ह्यातील रोगाची वाढ हेच असेल असे नाही. नवे किरणोपचार यंत्र, एखाद्या शासकीय आरोग्य योजनेत रुग्णालयाचा समावेश किंवा नवीन तज्ज्ञाची नेमणूक यांमुळेही ती वाढू शकते.

लोकसंख्याधारित नोंदणीत सुरुवात रुग्णालयापासून न होता रहिवाशांपासून होते. प्रदेशाची सीमा निश्चित केली जाते आणि त्या सीमेत राहणारा रुग्ण कोठेही उपचार घेत असला तरी त्याची नोंद मिळवली जाते. यासाठी नोंदणीचे कर्मचारी रुग्णालये, विकृतिशास्त्र प्रयोगशाळा, किरणोपचार केंद्रे आणि जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालये येथे स्वतः जाऊन कागदपत्रे तपासतात. एकच रुग्ण तीन ठिकाणी आढळला, तर नाव, वय, पत्ता आणि रोगाचे मूळ स्थान ताडून त्या तीन नोंदींची एक नोंद केली जाते. केवळ उपचारासाठी त्या प्रदेशात येऊन राहिलेल्या व्यक्तीस वगळले जाते. नवरुग्ण दर काढण्यासाठी याच प्रकारची नोंदणी लागते.

## महाराष्ट्रातील नोंदण्या

भारतातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत सुरू केली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम हाती घेतला. सुरुवातीच्या नोंदण्या शहरी होत्या. खेड्यांतील स्थिती कळावी म्हणून १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे ग्रामीण नोंदणी सुरू झाली. नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय हे तिचे केंद्र होते आणि बार्शी, परांडा व भूम या तीन तालुक्यांतील गावे तिच्या क्षेत्रात होती.

शहरी पद्धत बार्शी भागात उपयोगाची नव्हती. बरेच रुग्ण निदानासाठी कोणत्याही रुग्णालयात पोहोचत नसत आणि मृत्यूच्या दाखल्यावर वैद्यकीय कारणही क्वचितच असे. म्हणून येथे क्षेत्रकर्मचारी ठरावीक काळाने प्रत्येक गावी जात, गावातील जाणत्या व्यक्तींकडे चौकशी करीत, कर्करोगाची लक्षणे लोकांना समजावून सांगत आणि संशयित व्यक्तींना बार्शीच्या रुग्णालयात तपासणीसाठी आणत. या पद्धतीचा एक अनपेक्षित लाभ झाला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागले. डॉ. कस्तुरी जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये यासंबंधीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला.

राष्ट्रीय कार्यक्रमाच्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात २०१२ ते २०१६ या काळातील २८ लोकसंख्याधारित नोंदण्यांची माहिती आहे. त्यांत महाराष्ट्रातील सात नोंदण्या आहेत: मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), वर्धा, बार्शी ग्रामीण आणि उस्मानाबाद-बीड (उस्मानाबादचे आताचे नाव धाराशिव). कोल्हापूर जिल्हा त्यांत नाही. या सर्व नोंदण्या मिळून देशाच्या सुमारे १० टक्के लोकसंख्येची माहिती देतात. उरलेल्या देशाचे आकडे हे मोजलेले नसून अंदाजलेले असतात.

## स्थूल दर आणि त्याची अडचण

एका वर्षातील नव्या रुग्णांच्या संख्येला त्या वर्षाच्या मध्यावरील लोकसंख्येने भागून एक लाखाने गुणले की स्थूल नवरुग्ण दर मिळतो. २०२२ या वर्षासाठी राष्ट्रीय कार्यक्रमाने भारतात १४ लाख ६१ हजार नवे रुग्ण आणि दर लाखास १००.४ असा स्थूल दर अंदाजला होता. म्हणजे ढोबळमानाने वर्षाला दर हजार माणसांमागे एक नवा रुग्ण.

रुग्णालयांत किती खाटा, तज्ज्ञ आणि यंत्रे लागतील हे ठरवण्यासाठी स्थूल दर आणि रुग्णसंख्या हेच आकडे योग्य असतात, कारण उपचार प्रत्यक्ष माणसांवर करायचे असतात. तुलनेसाठी मात्र स्थूल दर दिशाभूल करू शकतो. २०११ च्या जनगणनेनुसार साठ किंवा त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींचे प्रमाण देशात ८.६ टक्के, तर केरळात १२.६ टक्के होते. दोन्हीकडे प्रत्येक वयातील धोका अगदी सारखा असता, तरीही केवळ वृद्धांच्या अधिक प्रमाणामुळे केरळचा स्थूल दर जास्त आला असता.

## वयप्रमाणित दर काढण्याची रीत

वयप्रमाणित दर काढताना प्रथम प्रत्येक वयोगटाचा स्वतंत्र दर काढतात. नंतर ‘हेच दर एका ठरीव वयोरचनेच्या लोकसंख्येला लागू असते तर किती रुग्ण आढळले असते’ हे मोजतात. या ठरीव रचनेस प्रमाण लोकसंख्या म्हणतात. कर्करोगाच्या आंतरराष्ट्रीय तुलनेत बहुधा जपानी संशोधक सेगी यांनी १९६० मध्ये मांडलेली आणि डॉल यांनी १९६६ मध्ये सुधारलेली जागतिक प्रमाण लोकसंख्या वापरतात. प्रत्यक्षात पाच-पाच वर्षांचे अठरा गट घेतात; खालील उदाहरणात सोयीसाठी ते पाच गटांत एकत्र केले आहेत. त्यानुसार एक लाखाच्या प्रमाण लोकसंख्येत ० ते २९ वयाचे ५६,०००, ३० ते ४४ चे १८,०००, ४५ ते ५९ चे १५,०००, ६० ते ७४ चे ९,००० आणि ७५ वर्षांवरील २,००० लोक असतात.

उदाहरणातील दोन्ही प्रदेश आणि त्यांचे आकडे काल्पनिक आहेत. ‘अ’ हा एक डोंगरी तालुका असून तेथील तरुण कामधंद्यासाठी मुंबईला गेले आहेत आणि गावी वडीलधारी मंडळी अधिक आहेत. ‘ब’ हे यंत्रमागांचे शहर असून तेथे बाहेरून आलेले तरुण कामगार मोठ्या संख्येने राहतात. दोन्हींची लोकसंख्या एक-एक लाख आहे.

| वयोगट | ‘अ’ लोकसंख्या | ‘अ’ नवे रुग्ण | ‘अ’ दर (लाखास) | ‘ब’ लोकसंख्या | ‘ब’ नवे रुग्ण | ‘ब’ दर (लाखास) |
|---|---|---|---|---|---|---|
| ०–२९ | ४०,००० | ४ | १० | ६०,००० | ६ | १० |
| ३०–४४ | १८,००० | ९ | ५० | २०,००० | १२ | ६० |
| ४५–५९ | २०,००० | ४० | २०० | १२,००० | ३० | २५० |
| ६०–७४ | १६,००० | ६४ | ४०० | ६,००० | ३० | ५०० |
| ७५+ | ६,००० | ३० | ५०० | २,००० | १२ | ६०० |
| एकूण | १,००,००० | १४७ | – | १,००,००० | ९० | – |

स्थूल दर पाहिला तर ‘अ’ मध्ये लाखास १४७ आणि ‘ब’ मध्ये ९० रुग्ण दिसतात. एवढ्यावरून ‘डोंगरी तालुक्यात शहराच्या दीडपटीहून अधिक कर्करोग’ असा मथळा सहज तयार होतो. परंतु तक्त्यातील दरांचे स्तंभ पाहिले असता तिशीनंतरच्या प्रत्येक वयोगटात ‘ब’ शहराचाच दर अधिक आहे आणि तिशीच्या आत दोन्ही समान आहेत.

आता प्रमाण लोकसंख्या लावली असता ‘अ’ साठी पाच गटांतील अपेक्षित रुग्ण अनुक्रमे ५.६, ९, ३०, ३६ आणि १० येतात. त्यांची बेरीज ९०.६ होते. ‘ब’ साठी हेच आकडे ५.६, १०.८, ३७.५, ४५ आणि १२ असे असून बेरीज ११०.९ होते. म्हणजे वयप्रमाणित दरात क्रम उलटा होतो. डोंगरी तालुक्यात अधिक रुग्ण असणे हे खरे आहे आणि त्यांच्या उपचाराची सोय करणेही आवश्यक आहे. परंतु रोग होण्याचा धोका शहरात जास्त आहे.

वयप्रमाणित दर हा प्रत्यक्षात कोठेही न आढळणारा, केवळ तुलनेसाठीचा आकडा आहे. प्रमाण लोकसंख्या बदलली की तोही बदलतो. अमेरिकेत देशांतर्गत अहवालांत २००० सालची अमेरिकी प्रमाण लोकसंख्या वापरतात. तीत वृद्धांचा वाटा मोठा असल्याने तेथील दर लाखास सुमारे ४४० येतो. जागतिक प्रमाण लोकसंख्या वापरून काढलेला २०२२ चा अमेरिकेचा अंदाजित दर मात्र सुमारे ३६७ आहे. त्यामुळे एका अहवालातील अमेरिकी आकडा आणि दुसऱ्या अहवालातील भारतीय आकडा शेजारी ठेवण्यापूर्वी दोन्हींची प्रमाण लोकसंख्या एकच आहे का, हे पाहावे लागते.

## तालुका पातळीवरील दावे: शिरोळचे उदाहरण

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातील कर्करोगाची चर्चा वृत्तपत्रांतून वारंवार झाली आहे. ऊस व भाजीपाल्याच्या शेतीतील रासायनिक खते व कीटकनाशके आणि पंचगंगा नदीचे प्रदूषण यांच्याशी तिचा संबंध जोडला जातो. तालुक्याची लोकसंख्या सुमारे चार लाख आहे. अशा ठिकाणी आढळलेली रुग्णसंख्या नेहमीपेक्षा अधिक आहे की नाही हे ठरवण्यासाठी प्रथम ‘नेहमीची’ संख्या किती असते हे काढावे लागते.

राष्ट्रीय स्थूल दर लाखास सुमारे १०० धरला, तर चार लाखांच्या वस्तीत कोणतेही विशेष कारण नसतानाही दरवर्षी सुमारे ४०० नवे रुग्ण अपेक्षित असतात. त्यामुळे वर्षभरात चारशे रुग्णांची यादी तयार झाली, तर ती पाहून धक्का बसणे स्वाभाविक असले तरी तेवढ्यावरून अतिरिक्त धोका सिद्ध होत नाही.

दुसरा प्रश्न मोजणीचा असतो. घरोघरच्या सर्वेक्षणात सहसा ‘घरात कोणाला कर्करोग आहे किंवा झाला होता का’ असे विचारले जाते. त्यातून त्या वर्षीचे नवे रुग्ण नव्हे, तर पूर्वी निदान झालेले आणि हयात असलेले रुग्णही मोजले जातात. मागील पाच वर्षांत निदान होऊन हयात असलेल्यांची संख्या २०२२ साठी भारतात सुमारे ३२ लाख, म्हणजे लाखास सुमारे २३० अशी अंदाजली गेली आहे. चार लाखांच्या तालुक्यासाठी ती नऊशेच्या आसपास येते. या नऊशेची तुलना वर्षाच्या चारशे नव्या रुग्णांशी केली, तर काहीही घडलेले नसताना रोग दुपटीहून अधिक झाल्याचा भास होतो.

तिसरा प्रश्न योगायोगाचा आहे. तीन हजार वस्तीच्या गावात वर्षाला सरासरी तीन नवे रुग्ण अपेक्षित असतात. परंतु सरासरी तीन असताना केवळ योगायोगाने वीसपैकी एका गावात एकही रुग्ण आढळत नाही आणि बारापैकी एका गावात सहा किंवा त्याहून अधिक आढळतात. अशी एक हजार गावे घेतली तर त्यांतील ऐंशीहून अधिक गावांत दरवर्षी दुप्पट किंवा अधिक रुग्ण दिसतील. पुढच्या वर्षी ती गावे बहुतांशी वेगळी असतील. तीच गावे सलग अनेक वर्षे वरच्या क्रमांकावर राहिली, तर मात्र शोध घेण्यास सबळ कारण मिळते.

या तिन्ही मुद्द्यांवरून अशा भागात धोका नाही असा निष्कर्ष निघत नाही. अपेक्षित संख्याही तालुक्याच्या वयोरचनेनुसार आणि शेजारच्या प्रदेशाच्या दरांनुसार काढायला हवी. एका राष्ट्रीय सरासरीवर ती सोडता येत नाही. शिवाय रोगाचे प्रकार वेगळे करावे लागतात. तंबाखूशी निगडित मुखाचा कर्करोग, स्तनाचा कर्करोग आणि रक्ताचा कर्करोग यांची कारणे भिन्न असल्याने त्यांची एकत्र बेरीज कोणत्याही एका कारणाकडे बोट दाखवू शकत नाही. एखाद्या विशिष्ट प्रकारात, सलग काही वर्षे, वयाचा विचार करूनही अपेक्षेपेक्षा स्पष्टपणे अधिक रुग्ण आढळणे हा खरा इशारा असतो. लोकसंख्याधारित नोंदणीच्या अभावी असा इशारा ओळखताही येत नाही आणि फेटाळताही येत नाही.

## प्रचलित मथळ्यांचा अर्थ

‘रुग्णसंख्येत वाढ’. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या अंदाजानुसार भारतातील नवे रुग्ण २०२० मध्ये १३.९ लाख होते आणि २०२५ मध्ये ते १५.७ लाख, म्हणजे सुमारे १३ टक्क्यांनी अधिक असतील असे मांडले गेले. हे अंदाज २०१२–१६ मधील वयोगटनिहाय दर पुढील वर्षांच्या अंदाजित लोकसंख्येला लावून काढलेले आहेत. त्यामुळे त्यांतील वाढ लोकसंख्येची वाढ आणि तिचे वय वाढणे यांतून येते. प्रत्येक व्यक्तीचा धोका वाढल्याचा पुरावा म्हणून ती वापरता येत नाही. तो पुरावा वयप्रमाणित दराच्या अनेक वर्षांच्या कलावरून मिळतो. मुंबईत गेल्या काही दशकांत स्तनाच्या कर्करोगाचा वयप्रमाणित दर वाढत गेला आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा कमी होत गेला. हे बदल खऱ्या अर्थाने धोक्यातील बदल आहेत.

‘दर नऊ व्यक्तींपैकी एकाला’. हा आकडा संचित धोक्याचा आहे. जन्मापासून ७४ वर्षांपर्यंतचे सर्व वयोगटांचे आजचे दर जोडून तो काढतात. ती व्यक्ती अन्य कोणत्याही कारणाने त्याआधी मरण पावणार नाही आणि दर आजच्यासारखेच राहतील, ही दोन गृहीतके त्यात असतात. सध्या नवांपैकी एक जण आजारी आहे किंवा यंदा आजारी पडेल असा त्याचा अर्थ नाही. एका वर्षाचा धोका सरासरी हजारात एक असा आहे.

‘एकूण रुग्णांत अमुक टक्के’. एखाद्या कर्करोगाचा वाटा वाढणे म्हणजे त्याचा दर वाढणे नव्हे. स्त्रियांच्या शंभर रुग्णांत वीस स्तनाच्या आणि वीस गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या असतील, आणि पुढे गर्भाशयमुखाचे रुग्ण दहावर आले, तर एकूण नव्वद होतात. स्तनाच्या कर्करोगाचे रुग्ण वीसच राहूनही त्यांचा वाटा २० वरून २२ टक्क्यांवर जातो.

## नोंदीची गुणवत्ता आणि कमी दरांचा अर्थ

२०१२–१६ च्या अहवालात सर्वांत कमी वयप्रमाणित दर उस्मानाबाद-बीड नोंदणीत आढळला: पुरुषांत लाखास ३९.५ आणि स्त्रियांत ४९.४. मिझोरममधील ऐझॉल जिल्ह्यात पुरुषांचा दर २६९.४, म्हणजे जवळजवळ सातपट होता. मुंबईत दोन्ही लिंगांचे दर शंभराहून अधिक होते. या फरकाचा काही भाग खरा आहे. ग्रामीण मराठवाड्यात स्त्रियांचे पहिले बाळंतपण लवकर होते व अपत्यांची संख्या तुलनेने अधिक असते, आणि या दोन्ही गोष्टी स्तनाच्या कर्करोगाचा धोका कमी करतात. ऐझॉलमध्ये तंबाखूच्या विविध प्रकारांचे सेवन फार मोठ्या प्रमाणात होते. तथापि ज्या रुग्णाचे निदानच झाले नाही त्याची नोंद होऊ शकत नाही, हेही तितकेच खरे आहे.

न झालेल्या नोंदींचा माग काढण्यासाठी काही निर्देशांक वापरले जातात. पेशी किंवा ऊतीच्या सूक्ष्मदर्शकीय तपासणीने निश्चित झालेल्या रुग्णांचे प्रमाण फार कमी असेल तर निदान संशयास्पद ठरते. ते जवळजवळ शंभर टक्के असेल तर केवळ प्रयोगशाळांच्या नोंदी घेतल्या गेल्या आणि उरलेले रुग्ण सुटले अशी शंका येते. केवळ मृत्यूच्या दाखल्यावरून कळलेल्या रुग्णांचे प्रमाण जास्त असणे म्हणजे हयातीत त्यांच्यापर्यंत नोंदणी पोहोचली नव्हती. मृत्यू आणि नवे रुग्ण यांचे गुणोत्तर उपचारांच्या स्थितीशी जुळत नसेल तर दोन्हींपैकी एक नोंद अपुरी असते. भारतात या शेवटच्या निर्देशांकाचा उपयोग मर्यादित आहे, कारण २०२० मध्ये नोंदवलेल्या मृत्यूंपैकी केवळ सुमारे २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झालेले होते.

वयोगटनिहाय दरांचा आलेखही बोलका असतो. बहुतेक कर्करोगांचे दर वयाबरोबर चढत जातात. सत्तरीनंतर ते अचानक खाली येत असतील, तर म्हातारपणी रोग कमी होतो असे नसून वृद्धांना तपासणीसाठी मोठ्या रुग्णालयात नेले जात नाही, हे कारण अधिक संभवते. ग्रामीण भागात अनेक वृद्धांचे नेमके वय ठाऊक नसल्याने ५०, ६०, ७० अशा पूर्ण आकड्यांवर नोंदींची गर्दी होते आणि त्यामुळे लगतच्या वयोगटांचे दर विस्कळीत होतात. वयप्रमाणन हे वयाच्या नोंदीवरच उभे असल्याने या चुका अंतिम दरातही उतरतात.

याच कारणाने नोंदणी सुधारली की प्रारंभी दर वाढलेला दिसतो. एखाद्या जिल्ह्यात नवीन कर्करोग रुग्णालय, तपासणी मोहीम किंवा नोंदणी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतील वाढ बव्हंशी आधीपासून असलेल्या पण न मोजलेल्या रोगाची असते. म्हणून नव्या नोंदणीच्या आरंभीच्या वर्षांवरून कल ठरवला जात नाही.